लांब प्रिंट लावण्याआधी: किती ग्रॅम, किती तास, किती खर्च

थ्रीडी मॉडेल स्लाइस करून झाले की स्लायसर कोपऱ्यात तीन आकडे दाखवतो: फिलामेंट, वेळ आणि खर्च. दोन तासांच्या प्रिंटला ते डोळे झाकून मानले तरी फारसे बिघडत नाही. पण बारा-चौदा तासांचे काम लावायचे असेल आणि स्पूलवर थोडेच फिलामेंट उरले असेल, तर त्या आकड्यांवर कितपत विसंबायचे हे आधी ठरवावे लागते. तिन्ही आकडे सारखे भरवशाचे नसतात. फिलामेंटची लांबी जवळजवळ नेमकी असते. ग्रॅम तुम्ही भरलेल्या घनतेइतकेच खरे असतात. वेळ मात्र बऱ्याचदा चुकतो, आणि तोही ठरावीक कारणांनी. खर्च हा ग्रॅमवरूनच निघतो, म्हणून ग्रॅम चुकले की तोही चुकतो.

पुढचे सगळे एकाच उदाहरणावर बघू. मॉनिटर उंचावर ठेवण्यासाठी एक चौकोनी ठोकळा छापायचा आहे: १६० मिमी लांब, १०० मिमी रुंद, ८० मिमी उंच. पीएलए, १.७५ मिमी फिलामेंट, ०.४ मिमीचा नोझल, ०.२ मिमीचा लेयर, ०.४५ मिमी रुंदीच्या तीन वॉल, खाली चार आणि वर पाच भरीव लेयर, आत १५ टक्के इन्फिल. सपोर्ट लागत नाही. आकार मुद्दाम सरळ घेतला आहे, म्हणजे हिशेब कागदावर पडताळता येईल.

आधी स्लायसरला खरे आकडे द्या

स्लायसर गणित बरोबर करतो, पण कच्चा माल तुम्ही देता. फिलामेंटच्या प्रोफाइलमध्ये व्यास, घनता आणि किंमत तपासा. PrusaSlicer मध्ये ही घरे `Filaments` टॅबवर `Diameter`, `Density`, `Cost` या नावांनी आहेत. घनतेच्या घरात शून्य राहिले असेल तर ग्रॅम आणि खर्चही शून्यच दिसतात. तेव्हा निदान चूक लगेच लक्षात येते. जास्त फसवे प्रकरण म्हणजे पीईटीजी किंवा एबीएस लावायचे आणि प्रोफाइल पीएलएचे ठेवायचे. पीएलएची घनता साधारण १.२४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, पीईटीजीची १.२७ आणि एबीएसची १.०४ आहे. पीएलएच्या प्रोफाइलवर एबीएसचा अंदाज काढला तर तो खऱ्यापेक्षा जवळपास वीस टक्के जास्त येतो. लाकडाचा भुसा किंवा कार्बन फायबर मिसळलेल्या फिलामेंटसाठी सर्वसाधारण आकडा वापरू नका, उत्पादकाच्या माहितीपत्रकातली घनता भरा.

किंमतीच्या घराची एक खोच आहे. PrusaSlicer ला किंमत एका किलोची हवी असते. तुमचा स्पूल ७५० ग्रॅमचा असेल आणि तुम्ही स्पूलची किंमत जशीच्या तशी भरली, तर प्रत्येक प्रिंट पाऊण भावात झाल्यासारखी दिसेल. स्पूलची किंमत ०.७५ ने भागून मग भरा. Cura मध्ये किंमत आणि स्पूलमधले वजन अशी दोन वेगळी घरे आहेत, त्यामुळे तिथे दोन्ही बरोबर भरली की झाले.

एक आकडा पाठ असलेला बरा: १.७५ मिमी पीएलएच्या एक मीटर तारेचे वजन जवळपास ३ ग्रॅम भरते. काटेकोर हिशेब असा की तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ २.४०५ चौरस मिमी आहे, म्हणून एका मीटरमध्ये २.४०५ घनसेंटिमीटर प्लास्टिक येते आणि त्याचे वजन २.९८ ग्रॅम होते. म्हणजे एक किलोच्या स्पूलवर सुमारे ३३५ मीटर. मीटर आणि ग्रॅम या नात्यात बसत नसतील, तर व्यास किंवा घनता चुकीची भरली आहे.

कागदावरचा हिशेब

ही पायरी बरेच जण गाळतात. मला मात्र ती सगळ्यात कामाची वाटते, कारण प्लास्टिक नेमके कुठे जाते हे तिच्यातून दिसते. ठोकळ्याचे तीन भाग करा: बाजूच्या भिंती, वरची-खालची भरीव पाने आणि आतली जाळी.

तीन वॉलची जाडी १.३५ मिमी. ठोकळ्याची परिमिती ५२० मिमी आणि उंची ८० मिमी, म्हणून भिंतींचे आकारमान कोपरे वजा करून ५५.६ घनसेंटिमीटर येते. आत उरते १५७.३ गुणिले ९७.३ मिमीचे क्षेत्र. खालचे चार आणि वरचे पाच लेयर मिळून १.८ मिमी जाडी होते, म्हणून भरीव पाने २७.५ घनसेंटिमीटर. उरलेली पोकळी सुमारे ११९७ घनसेंटिमीटर आणि तिचे १५ टक्के म्हणजे १७९.५. तिघांची बेरीज २६२.६ घनसेंटिमीटर. १.२४ ने गुणले की ३२६ ग्रॅम. हाच ठोकळा पूर्ण भरीव छापला असता तर १५८७ ग्रॅम लागले असते, म्हणजे एक किलोचा स्पूल पुरलाच नसता.

आता या तीन आकड्यांकडे पुन्हा बघा. दोन तृतीयांशाहून जास्त प्लास्टिक इन्फिलमध्ये जाते. जाडजूड वस्तूत वजन कमी करायचे तर इन्फिलला हात घालावा लागतो. एक वॉल कमी करून वीसेक ग्रॅमच वाचतात आणि वस्तू उगाच कमकुवत होते. याउलट तीन मिमी जाडीच्या भिंतींचा डबा छापत असाल, तर त्या भिंती बहुतेक वॉलनीच भरून जातात. तिथे इन्फिल १५ वरून १० वर आणल्याने काहीच हाती लागत नाही.

वेडावाकडा आकार असेल तर पृष्ठफळ हाताने काढत बसू नका. स्लायसर मॉडेलचे पूर्ण आकारमान दाखवतो. त्याला घनतेने गुणले की वजनाची वरची मर्यादा मिळते. सपोर्ट आणि ब्रिम सोडले तर प्रिंट त्यापेक्षा जड होऊ शकत नाही.

स्लायसरचे उत्तर वाचताना

स्लाइस केल्यावर PrusaSlicer जी-कोड फाइलच्या शेवटाकडे अशा ओळी लिहितो:

```
; filament used [mm] = 110981.00
; filament used [cm3] = 266.94
; filament used [g] = 331.00
; estimated printing time (normal mode) = 11h 40m 0s
```

Cura हीच माहिती फाइलच्या सुरुवातीला `;TIME:` आणि `;Filament used:` या ओळींत देतो. तिथे वेळ सेकंदांत आणि फिलामेंट मीटरमध्ये असते.

आपला कागदावरचा आकडा ३२६ आणि स्लायसरचा ३३१. स्कर्ट, इन्फिलचे भिंतीत घुसणारे टोक, सुरुवातीची रेघ अशा बारीकसारीक गोष्टींत पाच ग्रॅम सहज जातात. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर पुढे चला. त्याहून मोठा असेल तर प्रीव्ह्यूमध्ये प्रत्येक प्रकारच्या रेघांचा वेगळा हिशेब बघा. बहुतेक वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो: नको असलेला सपोर्ट, मागच्या कामातून राहिलेला रुंद ब्रिम, किंवा मॉडेलच्या पोटात राहून गेलेला बंद पोकळीचा पृष्ठभाग, ज्याच्याभोवती स्लायसर इमाने-इतबारे वॉल घालत बसतो.

याच आकड्यांवरून वेळेची पहिली चाचणीही होते. प्रिंटचा वेग मिलिमीटर प्रति सेकंदात न मोजता नोझलमधून दर सेकंदाला किती घनमिलिमीटर प्लास्टिक बाहेर पडते ते बघा. ०.४५ मिमी रुंद, ०.२ मिमी उंच रेघ १०० मिमी प्रति सेकंदाने ओढली तर प्रवाह ९ घनमिलिमीटर प्रति सेकंद होतो. आपल्या प्रिंटमध्ये २,६६,९४० घनमिलिमीटर प्लास्टिक ४२,००० सेकंदांत जायचे आहे, म्हणजे सरासरी ६.४. कोपरे, रिकाम्या हालचाली आणि बाहेरच्या वॉलचा कमी वेग धरता हे पटण्यासारखे आहे. स्लायसरने सात तास सांगितले असते तर सरासरी १०.६ आली असती, म्हणजे १०० च्या वेगाला मिळणाऱ्या ९ च्याही वर. असे उत्तर आले तर कुठेतरी वेग किंवा रेघेची रुंदी भलतीच पडली आहे असे समजा.

वेळ का चुकतो

प्रिंटहेड शून्यावरून एकदम १०० मिमी प्रति सेकंदावर जात नाही. तो वेग पकडतो, टिकवतो आणि कोपऱ्याआधी कमी करतो. हा वेग पकडण्याचा दर म्हणजे अॅक्सलरेशन. समजा रेघ २० मिमीची आहे आणि अॅक्सलरेशन ५०० मिमी प्रति सेकंद वर्ग. स्थिर अवस्थेपासून १०० च्या वेगाला पोचायलाच १० मिमी लागतात आणि थांबायला आणखी १०. म्हणजे पूर्ण वेग फक्त मधल्या एका बिंदूवर मिळतो, आणि रेघेला ०.२ ऐवजी ०.४ सेकंद लागतात. तेच अॅक्सलरेशन ३००० असेल तर रेघ ०.२३ सेकंदांत संपते. प्रत्यक्षात हेड प्रत्येक कोपऱ्यावर पूर्ण थांबत नाही, त्यामुळे फरक इतका टोकाचा नसतो. पण हजारो छोट्या रेघांच्या मॉडेलमध्ये तो तासांत मोजावा लागतो.

अडचण अशी की स्लायसर एक अॅक्सलरेशन धरून हिशेब करतो आणि प्रिंटरच्या फर्मवेअरमध्ये दुसरेच असू शकते. स्लायसरने मागितलेला वेग फर्मवेअरच्या मर्यादेबाहेर गेला तर फर्मवेअर तो गुपचूप कमी करतो. अंदाजात त्याची नोंद होत नाही.

यावर उपाय सोपा आहे. मार्लिन फर्मवेअर असेल तर प्रिंटरला संगणक जोडून टर्मिनलमधून ही आज्ञा द्या:

```
M503
```

उत्तरात `M201` च्या ओळीत अक्षांच्या कमाल अॅक्सलरेशनची, `M203` मध्ये कमाल वेगाची आणि `M204` मध्ये प्रिंट व रिकाम्या हालचालींच्या अॅक्सलरेशनची मूल्ये मिळतात. तीच मूल्ये PrusaSlicer च्या प्रिंटर सेटिंग्जमधल्या `Machine limits` पानावर भरा. तिथे मर्यादा फक्त अंदाजापुरत्या वापरायच्या की जी-कोडमध्येही लिहायच्या असा पर्याय आहे. प्रिंटरची स्वतःची सेटिंग तशीच ठेवायची असेल तर `Use for time estimate` निवडा. क्लिपर असेल तर हे आकडे `printer.cfg` मध्ये `max_velocity` आणि `max_accel` या नावांनी असतात.

एवढे करूनही काही वेळ हिशेबाबाहेर राहतोच. बेड आणि नोझल तापणे, बेडची पातळी मोजणे, फिलामेंट बदलताना प्रिंटर तुमची वाट बघत थांबणे या गोष्टी बऱ्याच स्लायसरच्या अंदाजात नसतात. Bambu Studio तयारीचा वेळ वेगळा दाखवतो, पण तोही ढोबळच असतो. जुन्या ८-बिट बोर्डांवर आणखी एक प्रकार दिसतो: गोलाकार पृष्ठभाग अतिशय बारीक तुकड्यांत विभागलेला असेल तर बोर्डाला आज्ञा वेळेवर पचत नाहीत आणि हेड अडखळत चालतो. वक्र भागावर प्रिंटर सतत थबकताना दिसला की हेच कारण आधी तपासा.

छोट्या तुकड्यावरून आपला गुणक काढा

सेटिंग कितीही नीट केली तरी शेवटी आपल्या यंत्राला विचारावे लागते. मूळ मॉडेलचाच एक तुकडा कापून त्याच सेटिंगवर छापा. स्लायसरच्या कट साधनाने ठोकळ्याचा कोपरा कापू: ५० गुणिले ५० मिमी, उंची ३० मिमी. स्लायसर म्हणतो २६.५ ग्रॅम आणि १ तास ६ मिनिटे.

छापून झाल्यावर स्कर्ट आणि सुरुवातीच्या रेघेसकट ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करा. समजा २५.८ ग्रॅम भरले. गुणक झाला २५.८ भागिले २६.५, म्हणजे ०.९७. हा फरक बहुधा तारेच्या व्यासातून येतो. १.७५ ऐवजी तार १.७३ मिमी असेल तर तिचे क्षेत्रफळ सव्वादोन टक्क्यांनी कमी होते, कारण व्यासाचा वर्ग लागतो. कॅलिपरने तार चार-पाच ठिकाणी मोजली की खात्री पटते. फरक पाच टक्क्यांच्या पुढे असेल तर मात्र अंदाज सोडा आणि आधी एक्स्ट्रूडरचे कॅलिब्रेशन बघा.

वेळेचे गणित करताना एक पथ्य पाळा. तापण्याचा आणि बेड मोजण्याचा वेळ आधी वजा करा. समजा सगळे मिळून ८० मिनिटे लागली आणि त्यातली ५ तयारीची होती. उरलेली ७५ भागिले ६६ म्हणजे १.१४. तयारीचा वेळ मोठ्या प्रिंटमध्येही तेवढाच राहणार आहे. तो गुणकात मिसळला तर बारा तासांच्या कामात पाऊण तास उगाच वाढेल.

म्हणजे आपल्या ठोकळ्याला ७०० मिनिटे गुणिले १.१४ अधिक ५, सुमारे सव्वातेरा ते साडेतेरा तास. स्लायसरच्या पावणेबारा तासांवर विसंबून सकाळी निघायच्या वेळेला प्रिंट हातात येईल असे धरले असते, तर दीड तास चुकला असता. हा गुणक थोडा निराशावादी आहे हे ध्यानात ठेवा, कारण छोट्या तुकड्यात रेघा आखूड असतात आणि वेग पकडण्यात जास्त वेळ जातो. मोठ्या ठोकळ्यात लांब रेघा असल्यामुळे खरा वेळ थोडा कमीच निघेल. तुकडा फार बारीकही घेऊ नका. लेयर काही सेकंदांतच संपू लागला की थंड होण्यासाठी स्लायसर वेग आपणहून कमी करतो, आणि तो वेग मोठ्या प्रिंटमध्ये येणारच नसतो.

स्पूलवर पुरेसे आहे का

अर्धवट स्पूल काट्यावर ठेवला, ५४८ ग्रॅम भरला. रिकाम्या स्पूलचे वजन २०५ ग्रॅम. उरले ३४३. लागणार ३३१, गुणक लावला तर ३२२. पुरेल असे वाटते, पण अशा वेळी मी गुणक लावलेला कमी आकडा धरत नाही, मोठा आकडाच धरतो. मग हातात राहतात १२ ग्रॅम, म्हणजे चार मीटर तार.

त्यातून एक्स्ट्रूडरपासून नोझलपर्यंतच्या नळीत अडकणारी तार वजा होते, सुरुवातीला तार बदलताना बाहेर पडणारे प्लास्टिक वजा होते, आणि स्पूलच्या गाभ्याजवळची शेवटची वेटोळी घट्ट वळलेली असल्यामुळे कधीकधी नीट सुटत नाहीत. शिवाय ते २०५ ग्रॅम कुठून आले? त्याच उत्पादकाचा, त्याच प्रकारचा रिकामा स्पूल स्वतः मोजला असेल तर ठीक. दुसऱ्या कंपनीचा किंवा पुठ्ठ्याचा स्पूल गृहीत धरला असेल तर चूक पन्नास ग्रॅमचीही असू शकते. म्हणून पुढचा नवा स्पूल उघडताच त्याचे वजन करा, त्यातून फिलामेंटचे छापील वजन वजा करा आणि उरलेला आकडा स्पूलवरच लिहून ठेवा.

१२ ग्रॅमच्या जोरावर मी ही प्रिंट लावणार नाही. फिलामेंट संपल्यावर थांबवणारा सेन्सर असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही कुणीतरी जवळ असायला हवे. इथे कागदावरचा हिशेब कामी येतो. इन्फिल १५ वरून १० केले तर सुमारे ७४ ग्रॅम वाचतात आणि वेळही अडीच तासांच्या आसपास घटतो. जाळी विरळ झाल्याने वरचा पृष्ठभाग खचू नये म्हणून वर एक भरीव लेयर वाढवू. त्याला चार ग्रॅमही लागत नाहीत. मॉनिटरचे वजन पेलायला तीन वॉल आणि १० टक्के इन्फिल पुरेसे आहे, आणि आता स्पूलवर ऐंशी ग्रॅमची शिल्लक राहते.

लेयर ०.२ वरून ०.२८ केला तर वेळ त्याच प्रमाणात घटेल, हा समज मात्र तपासून घ्या. त्याच वेगाला प्रवाह ९ वरून १२.६ घनमिलिमीटर प्रति सेकंदावर जातो. तुमच्या हॉटएंडची मर्यादा ११ असेल तर स्लायसर वेग कापतो आणि वेळ फार तर १८ टक्क्यांनी कमी होतो. वजनात तर जवळपास फरकच पडत नाही.

खर्च

साहित्याचा खर्च म्हणजे ग्रॅम गुणिले एका ग्रॅमचा भाव, आणि ग्रॅममध्ये सपोर्ट, ब्रिम, स्कर्ट, रंग बदलताना फेकला जाणारा गाळ हे सगळे धरायचे. एक किलोच्या स्पूलवर ३३१ ग्रॅमचे काम म्हणजे स्पूलच्या किंमतीचा तिसरा हिस्सा, आणि बदललेल्या सेटिंगवर साधारण चौथा. चाचणीच्या तुकड्याचे २६ ग्रॅम यातच मिळवा, कारण तेही याच कामासाठी खर्ची पडले.

लांब प्रिंटमध्ये फसलेल्या प्रयत्नांचा वाटाही धरावा लागतो. तुमच्या यंत्रावर अशा दहा प्रिंटपैकी एक मध्येच बिघडत असेल आणि ती सरासरी अर्ध्यावर बिघडते असे मानले, तर प्रत्येक चांगल्या वस्तूमागे साडेपाच टक्के प्लास्टिक जादा धरा. हा आकडा दुसऱ्याकडून उसना घेऊ नका, स्वतःच्या नोंदींवरून काढा. वीज मोजायची तर प्लगमध्ये बसणारे मीटर लावून चाचणीच्या तुकड्यादरम्यानची सरासरी घ्या. पॉवर सप्लायवर छापलेले वॉट वापरू नका, ते कमाल क्षमतेचे असतात आणि हीटर सतत पूर्ण ताकदीने चालत नाही.

सुरू केल्यावर तासाभराने

अंदाज बरोबर चालला आहे का, हे कळायला शेवटपर्यंत थांबावे लागत नाही. पण झालेल्या लेयरना एकूण लेयरनी भागून टक्केवारी काढू नका. मूळ सेटिंगमध्ये ४०० पैकी फक्त ९ लेयर भरीव आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाला आठेक मिनिटे लागतात. म्हणजे सुरुवातीला प्रिंट फारच रेंगाळते आहे असे भासेल. त्याऐवजी भरीव तळ संपून जाळीचे लेयर सुरू झाले की सलग दहा लेयरचा वेळ घड्याळावर मोजा आणि प्रीव्ह्यूमध्ये त्याच दहा लेयरचा अंदाज बघा. स्लायसर १६ मिनिटे म्हणत असेल आणि प्रत्यक्षात १८ लागली, तर गुणक जागेवर आहे. २२ लागली तर प्रिंट सोळा तासांकडे चालली आहे, आणि पुढे चालू द्यायची की थांबवायची हे ठरवायला अजून फार प्लास्टिक गेलेले नसते.